हजला जाताना तल्बिया: शब्द, अर्थ, कधी सुरू करावी आणि कुठे थांबवावी

2025 च्या हजला मी अम्मीला घेऊन गेले. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे शाफई. आमच्या गटात सोलापूरचे एक हनफी कुटुंब होते. निघण्यापूर्वी वजन, सामान, रियाल, लसी यांवर तासन्‌तास बोलणे झाले. परंतु ज्या चार ओळी मिना, अरफात आणि मुझदलिफा या सगळ्या वाटेवर तोंडात ठेवायच्या असतात, त्या नेमक्या कुठे सुरू होतात आणि कोणत्या क्षणी थांबतात, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. तेवढ्यापुरताच हा लेख आहे. तवाफ, सई आणि कुर्बानीचे नियम इथे सापडणार नाहीत.

जवळ काय ठेवावे

यादी लहान आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलेले तल्बियाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यातल्या ओळखपत्रामागे ठेवावे. पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि तिकीट हातातल्या पिशवीत असावे, कारण विमान जेद्दाला उतरणार की मदिनेला, हे तिकिटावरच कळते आणि तल्बियाची जागा त्यावर ठरते. पुरुषांनी इहरामच्या दोन पांढऱ्या चादरी हातातल्या सामानात ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. ती बॅग विमानाच्या पोटात जाते आणि मीकात येईपर्यंत हाती लागत नाही. मक्केत पोहोचल्यावर मिळणारे नुसुक कार्ड मात्र कधीही काढून ठेवू नका.

1. आधी शब्द नीट पाठ करा

अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या कथनावरून पैगंबर साहेबांची तल्बिया बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आली आहे. ती अशी:

लब्बैकल्लाहुम्म लब्बैक,
लब्बैक ला शरीक लक लब्बैक,
इन्नल हम्द वन्निअमत लक वल मुल्क,
ला शरीक लक.

मराठी वाचकाची पहिली अडचण आपल्या लिपीतूनच येते. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण लिहितो, पण उच्चारत नाही. ‘शरीक’ लिहिले की ओठांवर ‘शरीक्’ येते. अरबीत मात्र वाक्य पुढे चालू असेल तर तो शेवटचा ‘अ’ ऐकू यावा लागतो. म्हणून अल्लाहुम्ममधला शेवटचा म, शरीकमधला क, हम्दमधला द, निअमतमधला त आणि ओळीच्या मध्ये येणाऱ्या ‘लक’चा क हे पाचही पूर्ण उच्चारावेत. दुसऱ्या ओळीच्या आरंभीच्या ‘लब्बैक’चेही तसेच. जिथे श्वास घेऊन थांबतो, म्हणजे पहिल्या दोन ओळींच्या शेवटचे ‘लब्बैक’, तिसऱ्या ओळीचे ‘मुल्क’ आणि अखेरचे ‘लक’, तिथे शेवट मराठीसारखाच तुटक येतो. अम्मीच्या कार्डावर मी प्रत्येक पूर्ण उच्चारायच्या अक्षराखाली लाल पेनाने ठिपका दिला होता. चौथ्या दिवसापासून तिला ठिपक्यांची गरज उरली नाही.

काही जण ही अडचण टाळायला ‘शरीका लका’ असा काना देऊन लिहितात. तसे लिहिले की माणूस तो ‘आ’ लांबवून म्हणतो, आणि तोही चुकतो. ऱ्हस्व ‘अ’ ठेवणेच बरोबर.

दुसरी जागा ‘ला’ची. हा ‘ला’ नकाराचा आहे आणि तो दीर्घच हवा. अरबीत ऱ्हस्व ‘ल’ शब्दाला जोडला तर तो ठासून होकार देणारा उपसर्ग ठरतो. प्रशिक्षण शिबिरात हाती पडलेल्या एका पत्रकात ‘लशरीक लक’ असे एकत्र छापले होते. छापताना एक काना गळला होता, पण ‘तुझा कोणी भागीदार नाही’ हे म्हणायला निघालेला माणूस तसे वाचून नेमके उलट्या दिशेला झुकतो. अनवधानाने जीभ अडखळली तर हज बिघडत नाही, हे खरे. तरीही पाठ करतानाच चुकीचे पाठ करू नये.

तिसरे, ‘निअमत’. उर्दूच्या सवयीने आपण ‘नेमत’ म्हणतो. अरबीत मध्ये घशातून येणारा ‘ऐन’ आहे, म्हणून ‘नि’ म्हणून घसा किंचित आवळून ‘मत’कडे जावे. ‘हम्द’मधला ह देखील छातीतून सहज सुटणारा नाही, तो घशाच्या मधून घासून येतो, आरशावर फुंकर घालून वाफ उठवतो तसा. ‘लब्बैक’च्या बाबतीत मात्र मराठी माणूस फायद्यात आहे. आपला ‘ऐ’ मुळातच ‘अइ’ असा उच्चारला जातो आणि अरबीला तोच हवा असतो. हिंदी वळणाने ‘लब्बेक’ म्हणू नये, एवढे पुरे.

ज्यांना अरबी शब्द खरोखरच जमत नाहीत, अशा वयस्कर माणसांनी आपल्या भाषेत तोच अर्थ म्हणावा, असे फिकहच्या पुस्तकांत सांगितले आहे. मोबाइलवर वाजणारी ध्वनिफीत मात्र तुमची तल्बिया धरली जात नाही. जीभ तुमची हलली पाहिजे.

2. अर्थ शब्दाशब्दाने समजून घ्या

तल्बिया म्हणजे ‘ओ देणे’. घरात कोणी हाक मारली की आपण ‘ओ, आलो’ म्हणतो, तेच इथे आहे. हाक कोणाची, हे कुरआनच्या सूरह हजमधल्या 27 व्या आयतीत येते: इब्राहीम यांना आज्ञा झाली की लोकांमध्ये हजची घोषणा कर, ते पायी आणि दूरवरच्या वाटांनी सडपातळ उंटांवरून तुझ्याकडे येतील. हाजी म्हणतो ते या घोषणेचे उत्तर आहे.

‘लब्बैक’ हा शब्द एखाद्या जागी मुक्काम करणे, ती न सोडणे या अर्थाच्या धातूवरून येतो. शिवाय बहुतेक व्याकरणकारांच्या मते त्याचे रूप द्विवचनी आहे, आणि इथे द्विवचन ‘दोन’ सांगण्यासाठी नसून ‘पुन्हा पुन्हा’ सांगण्यासाठी आहे. म्हणून ‘मी हजर आहे’ हे भाषांतर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ‘हा आलो, पुन्हा आलो, आणि इथून हलणार नाही’ असा त्याचा विस्तार होतो. चार ओळींत हा शब्द चार वेळा येतो.

‘अल्लाहुम्म’ म्हणजे हे अल्लाह. ‘ला शरीक लक’ म्हणजे तुझा कोणी भागीदार नाही. ‘इन्नल हम्द’ म्हणजे खचितच सारी स्तुती, ‘वन्निअमत’ म्हणजे आणि सारे देणे, ‘लक’ म्हणजे तुझे, ‘वल मुल्क’ म्हणजे आणि सत्ताही. हा ‘मुल्क’ आपल्या मराठीत ‘मुलूख’ होऊन बसला आहे, पण इथे अर्थ भूभागाचा नसून राज्य करण्याच्या अधिकाराचा आहे.

तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षराबद्दल एक जुनी चर्चा आहे. ‘अन्न’ म्हटले तर ‘स्तुती तुझी आहे म्हणून मी आलो’ असे कारण जोडले जाते. ‘इन्न’ म्हटले तर वाक्य नव्याने सुरू होते: मी आलो, आणि स्तुती तर तुझीच आहे, मी येवो अथवा न येवो. बहुसंख्य विद्वानांनी ‘इन्न’ पसंत केले आहे. मला हा फरक कळला तेव्हापासून त्या ओळीपूर्वी थोडे थांबूनच म्हणावेसे वाटते.

शेवटी ‘ला शरीक लक’ दुसऱ्यांदा का येते, हे समजायला इस्लामपूर्व काळ पाहावा लागतो. तेव्हाही अरब काबाकडे जात आणि तल्बियाही म्हणत. इब्न अब्बास यांचे कथन सहीह मुस्लिममध्ये आहे: मूर्तिपूजक ‘लब्बैक, ला शरीक लक’ इथपर्यंत येत तेव्हा पैगंबर साहेब म्हणत, ‘पुरे, पुरे, इथेच थांबा’. पण ते पुढे जोडत की एक भागीदार आहे, जो तुझाच आहे, आणि त्याचा व त्याच्याकडे जे आहे त्याचाही मालक तूच. इसवी सन 632 मधल्या निरोपाच्या हजमध्ये पैगंबर साहेबांनी जी तल्बिया म्हटली, तिला जाबिर यांनी तौहीदची, म्हणजे एकेश्वरत्वाची, तल्बिया म्हटले आहे. जुन्या शब्दांतले ते शेपूट गेले आणि वाक्य ‘ला शरीक लक’वर बंद झाले.

3. कुठून सुरू करायची, हे तिकीट पाहून ठरवा

तल्बिया इहरामपासून सुरू होते, आणि इहराम मीकात नावाच्या ठरलेल्या सीमेपूर्वी किंवा सीमेवर बांधावा लागतो. इथे दोन वाटा फुटतात.

तुमचे विमान मुंबईहून थेट जेद्दाला जाणार असेल, तर मीकात हवेतच ओलांडली जाते. चादरी हज हाऊसमध्ये किंवा विमानतळावर नेसून घ्याव्यात, दोन रकात नमाज पढावी, पण निय्यत आणि तल्बिया विमान आकाशात गेल्यावर करावी. नुसत्या चादरी नेसल्याने इहराम लागत नाही. विमानतळावरच निय्यत केली आणि उड्डाण आठ तास लांबले, तर ते आठही तास अत्तर, सुवासिक साबण, नखे, केस यांचे सगळे निर्बंध तुमच्यावर चालू राहतात. आमचे विमान चार तास उशिरा सुटले. निय्यत करून बसलेले एक काका सुगंधी साबण पाहून हात मागे घेत होते, आणि बाकीचे निवांत हात धूत होते.

उलट फार लांबवणेही धोक्याचे आहे. मीकात जवळ आल्याची घोषणा विमानात होते, परंतु ती जेद्दा जवळ आल्यावर होते, आणि पहाटेच्या विमानात त्या वेळी अर्धे प्रवासी झोपलेले असतात. मीकातपूर्वी इहराम बांधलेला चालतो, ओलांडून बांधलेला चालत नाही. तसे झाले तर परत मीकातवर जावे लागते, नाहीतर दम म्हणून एका बकऱ्याची कुर्बानी हरमच्या हद्दीत द्यावी लागते. म्हणून जेवणाचे ताट उचलून नेले की घोषणेची वाट न पाहता निय्यत करून टाकावी. ‘जेद्दाला उतरून पाहू’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

तुमचे विमान आधी मदिनेला जाणार असेल, तर मुंबईत चादरी नेसायच्याच नाहीत. तुम्ही साध्या कपड्यांत मदिनेला जाता, तिथे राहता, आणि मक्केला निघताना झुलहुलैफा, म्हणजे आजचे अबियार अली, इथे बस थांबते तेव्हा इहराम बांधता. पैगंबर साहेबांनीही याच ठिकाणाहून इहराम बांधला होता.

4. पहिली तल्बिया निय्यतीला जोडून म्हणा

भारतातून जाणारे बहुतेक लोक तमत्तो हज करतात, म्हणजे आधी उमरा, मग इहराम सोडणे, आणि हजसाठी नवा इहराम. म्हणून पहिल्यांदा ‘लब्बैक उम्रतन’ म्हणून उमऱ्याची निय्यत करावी आणि लगेच पूर्ण तल्बिया तीनदा म्हणून दरूद आणि दुआ करावी.

या पायरीवर आमच्या गटातला फरक उघड झाला. शाफई मतानुसार मनातल्या निय्यतीने इहराम लागतो आणि तल्बिया सुन्नत आहे. हनफी मतानुसार निय्यतीबरोबर एकदा तरी तल्बिया, किंवा तिच्या जागी अल्लाहचे स्मरण असणारे शब्द, जिभेवर यायलाच हवेत. नाहीतर इहराम सुरूच होत नाही. सोलापूरच्या त्या कुटुंबातल्या आजोबांनी निय्यत मनात केली आणि डोळे मिटून बसले. त्यांच्या सुनेने विचारले, ‘अब्बा, लब्बैक म्हटलंत का?’ ते म्हणाले, ‘मनात म्हटलं की.’ तिने त्यांना तिथेच मोठ्याने म्हणायला लावले. मीकात अजून मागे पडली नव्हती, म्हणून गोष्ट तेवढ्यावर निभावली. तुम्ही कोणत्याही मतप्रणालीचे असा, पहिली तल्बिया स्वतःच्या कानाला ऐकू येईल अशी म्हणा. दोन्ही बाजूंनी सुटका होते.

पुरुषांनी आवाज चढवून म्हणावी, तशी हदीस आहे. स्त्रियांनी स्वतःला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणावी. मासिक पाळी चालू असली तरी तल्बिया म्हणता येते, वुजूची अटही नाही. निरोपाच्या हजमध्ये हजरत आयशा यांना वाटेत पाळी आली, तेव्हा त्यांना सांगितले गेले की तवाफ सोडून हाजी जे जे करतो ते सगळे कर. आमच्या खोलीतली एक मुलगी दोन दिवस गप्प बसून रडत होती, कारण तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

5. उमऱ्याची तल्बिया तवाफ सुरू होताच थांबवा

हरममध्ये शिरल्यावर काबा दिसला की डोळे भरतात आणि तोंड ‘लब्बैक’च म्हणत राहते. तवाफ हजरे अस्वदच्या कोपऱ्यापासून सुरू होतो. गर्दीत तो कोपरा दिसत नाही, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूला भिंतीवर हिरवा दिवा लावलेला आहे. त्या रेषेत आलात, हात उंचावून ‘अल्लाहु अकबर’ म्हटलेत, की तल्बिया संपली. पुढचे सात फेरे दुआंचे. तल्बिया म्हणत तवाफ करणारे अनेक दिसतील; त्यांचे पाहून तुम्ही तसे करू नका, आणि भर गर्दीत त्यांना शिकवायलाही जाऊ नका.

6. हजची तल्बिया: सातव्या रात्रीपासून दहाव्या सकाळपर्यंत

ही सर्वांत लांब पायरी आहे. आमचे दिवस असे गेले. 8 जिलहिज्ज 4 जून रोजी होता, पण भारतीय गटांच्या बसगाड्या गर्दी टाळण्यासाठी आदल्या रात्रीच मिनाला निघतात, म्हणून 3 जूनच्या संध्याकाळी अझीझियातल्या खोलीतच आंघोळ करून इहराम बांधला. या वेळी शब्द ‘लब्बैक हज्जन’ असा असतो. मक्केतल्या माणसाला हजच्या इहरामसाठी मीकातवर जावे लागत नाही.

मिनात तंबूत दिवस जातो. इथे तल्बिया अखंड म्हणायची नसते, तर स्थिती बदलली की म्हणायची असते: नमाजनंतर, बसमध्ये चढताना, उतरताना, चढावर, उतारावर, दुसरा काफिला भेटला की. 5 जूनला अरफातकडे जाताना आमच्या बसमध्ये कोणी तल्बिया म्हणत होते, कोणी तकबीर. एका तरुणाने तकबीर म्हणणाऱ्यांना थांबवायचा प्रयत्न केला. तो चुकत होता. मिनाहून अरफातला जाताना पैगंबर साहेबांबरोबर काही जण तल्बिया आणि काही जण तकबीर म्हणत होते आणि कोणी कोणाला हटकले नाही, असे अनस यांनी सांगितले आहे.

एकाने म्हणायचे आणि सगळ्या बसने सुरात मागून म्हणायचे, ही पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. शिकवण्यापुरती ती उपयोगी आहे. पण अनेक आलिमांचे मत असे की प्रत्येकाने आपापली म्हणावी. याचा व्यावहारिक फायदाही आहे: सुरात म्हणताना पुढारी घाईत असला तर ‘वन्निअमत लक’ सगळी बस गिळते.

घसा बसतो. अम्मीचा आवाज अरफातवर दुपारीच गेला. कोमट पाणी आणि थोडा वेळ गप्प राहणे, इतकेच तिने केले. सुवासिक गोळ्या इहराममध्ये टाळलेल्या बऱ्या.

सर्वाधिक चूक होते ती अरफात सोडल्यावर. सूर्य मावळतो, ‘झाला हज’ अशी भावना होते आणि मुझदलिफाच्या रात्री तल्बिया आपोआप बंद पडते. मालिकी मतात ती अरफातच्या दिवशी दुपारीच थांबते, त्यामुळे काही देशांचे हाजी मुझदलिफात शांत दिसतील. शाफई आणि हनफी दोघांसाठी मात्र ती चालूच असते. मुझदलिफाहून मिनापर्यंत पैगंबर साहेबांच्या मागे उंटावर बसलेल्या फज्ल इब्न अब्बास यांनी सांगितले आहे की जमरतुल अकबाला खडे मारेपर्यंत ते तल्बिया म्हणत राहिले.

7. पहिल्या खड्याशी थांबवा

10 जिलहिज्जला, आमच्या वेळी 6 जूनच्या सकाळी, फक्त मोठ्या जमऱ्याला सात खडे मारायचे असतात. पहिला खडा हातातून सुटतो तेव्हा तल्बिया थांबते आणि प्रत्येक खड्याबरोबर ‘अल्लाहु अकबर’ म्हटले जाते. सातवा संपेपर्यंत नाही, पहिल्यालाच. वयस्कर माणसाच्या वतीने दुसरे कोणी खडे मारणार असेल, तर ते मारले जाण्याची वेळ ठरवून घ्यावी, म्हणजे तंबूत बसलेल्यालाही आपली तल्बिया कधी थांबवायची ते कळते. आम्ही असे केले: मी जमऱ्याजवळ पोहोचून अम्मीला फोन केला आणि खडा उचलला तेव्हा तिला ‘आता’ म्हटले.

दुसऱ्याच्या नावाने हज करणाऱ्यांसाठी एक जोड: इहरामच्या वेळी तल्बियात त्याचे नाव घ्यावे, ‘लब्बैक अन’ म्हणून पुढे नाव. शुब्रुमा नावाच्या माणसासाठी कोणी असे म्हणताना पैगंबर साहेबांनी ऐकले आणि विचारले, ‘तू स्वतःचा हज केला आहेस का?’ त्याने नाही म्हटल्यावर आधी स्वतःचा कर, असे सांगितले. शाफई मतानुसार ही अट पक्की आहे, म्हणून कोणाच्या वतीने निघण्यापूर्वी हे पाहून घ्या.

परतीच्या बसमध्ये अम्मी खिडकीशी बसली होती. बस चढावर आली आणि तिच्या तोंडून ‘लब्बैक’ निघाले. तिने जीभ चावली, माझ्याकडे पाहिले, आणि मग हलकेच ‘अल्लाहु अकबर’ म्हटले.